नेरळहून पूर्ण टॉय ट्रेन की दस्तुरीपर्यंत गाडी आणि मग शटल? (पुण्याहून, सोबत दोन ज्येष्ठ)

कर्वेनगरची_अमृता
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माथेरानला जायचं ठरतंय, दोन रात्री. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासरे ७६, ठणठणीत. सासूबाई ७१, दोन्ही गुडघे दुखरे. सपाटीवर पंधरा मिनिटं चालतात, चढ आला की थांबतात.

सासऱ्यांचा हट्ट आहे की नेरळहून छोट्या गाडीनेच जायचं. १९७४ साली लग्नानंतर दोघं वाफेच्या इंजिनाच्या गाडीने गेले होते, त्याचा एक फोटो अजून हॉलमध्ये आहे. नवऱ्याचं म्हणणं, आपली गाडी घेऊन दस्तुरी नाक्यापर्यंत जाऊ, तिथून अमन लॉज ते माथेरान शटल आहे, तीही टॉय ट्रेनच की. सासूबाईंना काय हवंय ते कोणी विचारलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "मला बसायला मिळालं म्हणजे झालं."

ऑनलाइन तिकीट शोधत दोन संध्याकाळी घालवल्या, सापडलं नाही. अलीकडे कोणी गेलंय का? काय करावं?

घाटवाट
ऑनलाइन सापडणार नाही, कारण नाहीच. नेरळ ते माथेरान असो की शटल, तिकीट खिडकीवरच आणि गाडीच्या ४५ मिनिटं आधीपासून. पहिला येईल त्याला. मी मागच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा नेरळहून सकाळी ८:५० आणि १०:२५ अशा दोनच गाड्या होत्या. वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी बघून घ्या. शनिवार-रविवार असेल तर खिडकी उघडायच्या तासभर आधी रांगेत उभं राहायची तयारी ठेवा.

तळजाईचा_तात्या
रायगडला जा! रोपवे आहे, हिरकणीवाडीतून पाच मिनिटांत वर. आमच्या आईला ८० व्या वर्षी नेलं, एक पायरी चढावी लागली नाही (वर गेल्यावर लागल्या, पण ते वेगळं). नाहीतर वणीला सप्तशृंगी गडावर फ्युनिक्युलर आहे, २०१८ पासून. दोन डबे एकाच दोराला, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. सुंदर इंजिनिअरिंग. टॉय ट्रेनमध्ये काय ठेवलंय, चालत जाणारा माणूस पुढे निघून जातो.

कर्वेनगरची_अमृता
तात्या, माथेरानचं हॉटेल बुक झालंय हो :)

तळजाईचा_तात्या
मग ठीक आहे. पण रायगड लक्षात ठेवा.

सदाशिवपेठी_समीर
एक माहिती. टॉय ट्रेनला घाबरायचं कारण नाही, दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्यात अडकतं, त्यामुळे गाडी मागे घसरूच शकत नाही. उटीला पाहिलंय मी स्वतः.

लोकोशेड_लोणावळा
समीर, उटीचं बरोबर, माथेरानचं नाही. उटीच्या गाडीला कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात दातेरी पट्टी आहे, कारण तिथला चढ साधारण १२ ला १ आहे. म्हणजे १२ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. माथेरानचा सगळ्यात तीव्र चढ २० ला १. तिथे दातेरी काही नाही, लोखंडी चाक लोखंडी रुळावर जेवढं चिकटेल तेवढ्याच जोरावर गाडी चढते. दार्जिलिंगही तसंच.

पण २० ला १ म्हणजे कमी समजू नका. मी बोरघाटात नोकरी काढली. तिथे मुख्य मार्गाचा चढ ३७ ला १ आहे आणि तेवढ्यासाठी पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. त्याच्या जवळजवळ दुप्पट चढ ही दोन फुटी गाडी एकटी चढते. म्हणून डबे मोजके. सहा डब्यांची गाडी दिसली तरी त्यातले दोन सामानाचे असतात. अमृताताई, तिकिटाची मारामारी का, याचं उत्तर यातच आहे. लोक वाढले म्हणून डबे वाढवता येत नाहीत. वाढवले तर चाकं जागच्या जागी फिरतील.

घाटवाट
लोकोशेड, एक विचारायचं होतं. नेरळ ते माथेरान सरळ रेषेत फार नाही, मोटारीचा रस्ता आठ-नऊ किलोमीटरमध्ये दस्तुरीला पोचतो. मग रेल्वे २१ किलोमीटर का हिंडते?

लोकोशेड_लोणावळा
साधं गणित आहे. नेरळपासून माथेरान स्टेशनपर्यंत उंचीचा फरक साडेसातशे मीटरच्या आसपास. २० ला १ हा तुमचा सगळ्यात तीव्र चढ. सगळीकडे तोच ठेवला तरी ७५० गुणिले २० म्हणजे १५ किलोमीटर रूळ लागणारच, त्याहून कमी लांबीत गाडी वर जाऊच शकत नाही. आता सगळीकडे तेवढा चढ ठेवता येत नाही. जुम्मापट्टी, वॉटर पाईप अशा स्टेशनांवर गाडी उभी राहायची तर तिथे जवळजवळ सपाट हवं. आणि वळणावर चढ थोडा हलका करावा लागतो, कारण वळणात चाकाची कड बाहेरच्या रुळाला घासते आणि तेवढा जोर तिथेच खर्च होतो. तिथली काही वळणं ६० फूट त्रिज्येची आहेत, म्हणजे १८ मीटर. एवढ्याशा वळणात वरून पूर्ण चढही दिला तर गाडी तिथेच बसेल. असं सगळं धरून १५ चे २१ होतात. मोटारीला ही अडचण नाही, रबरी टायर डांबराला कितीतरी जास्त धरतो, म्हणून रस्ता अंगावर येतो तसा चढत जातो.

वेळेचंही तेच. २१ किलोमीटरला २ तास ४० मिनिटं, म्हणजे तासाला आठच्या आसपास. तात्या म्हणतात ते खरं आहे, चालणारा पुढे जातो. पण शॉर्टकटने गेला तर!

पेशवेपार्क_एक्स्प्रेस
आहाहा, काय प्रतिसाद. लहानपणी पेशवे पार्कातल्या फुलराणीत बसून वाटायचं की हीच जगातली सगळ्यात मोठी रेल्वे. माथेरानची पहिल्यांदा पाहिली तेव्हा बाबांना म्हणाले होते, "ही खरी फुलराणी."

जाता जाता, ही लाइन सरकारने नाही, पीरभॉय घराण्याने बांधली. सर आदमजी पीरभॉय यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने मनावर घेतलं, १९०४ ला काम सुरू, १९०७ च्या मार्चमध्ये गाडी सुरू. खर्च १६ लाख, तोही वडिलांच्या खिशातून.

आयटीवाला_बाणेर
Matheran साठी सरळ कार काढा. मी तीन वेळा गेलोय. एक्स्प्रेसवे, खालापूर, कर्जत, नेरळ, तीन तास धरा. दस्तुरीला पार्किंग, समोर अमन लॉज, शटलने वीस मिनिटांत बाजारात. टॉय ट्रेनचा फील पण आला, वेळ पण वाचला. पावणेतीन तास त्या बाकावर बसून मुलं पण कंटाळतात आणि ज्येष्ठ पण.

घाटवाट
बाणेर, तिन्ही वेळा कधी गेला होतात? शनिवारी सकाळी अकरानंतर दस्तुरीचं पार्किंग भरतं आणि गाड्या खाली नेरळलाच अडवतात. मग नेरळला गाडी लावा, शेअर टॅक्सी शोधा, वर या आणि शटलच्या रांगेत उभे राहा. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दस्तुरीला साडेबाराला पोचलो, शटल मिळाली साडेतीनला. मधल्या दोन शटल आमच्यासमोरून भरून गेल्या. चूक आमचीच, बायको रांगेत आणि मी फोटो काढत, आणि आमची जागा कधी गेली ते कळलंच नाही.

आयटीवाला_बाणेर
मंगळवार, बुधवार, आणि एकदा सोमवार. बरं, मुद्दा मान्य.

भिवपुरीचा_भाऊ
मी नेरळपासून एका स्टेशनावर राहतो, पाहुणे आले की हेच काम माझ्याकडे. अमृताताई, तुमची दोन प्रश्नांची गल्लत झालीय असं वाटतं. गाडी कुठून घ्यायची हा एक प्रश्न. आणि वर पोचल्यावर सासूबाई स्टेशनपासून हॉटेलपर्यंत कशा जाणार हा दुसरा. दुसरा जास्त अवघड आहे.

दस्तुरीच्या पुढे मोटार नाही. पायी, घोडा, हातरिक्षा किंवा शटल. दस्तुरी ते माथेरान बाजार साधारण अडीच किलोमीटर, लाल मातीचा चढ-उताराचा रस्ता. शटल तुम्हाला बाजारातल्या स्टेशनवर सोडते हे खरं, पण हॉटेल बाजारात आहे की पार लांबच्या पॉइंटच्या बाजूला, ते आधी विचारा. काही हॉटेलं स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहेत, काही अर्ध्या-पाऊण तासावर. "स्टेशनपासून चालत किती मिनिटं, आणि मध्ये चढ आहे का" असं फोनवर स्पष्ट विचारा. "जवळच आहे" या उत्तराला काही अर्थ नसतो.

हातरिक्षांचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत त्या बंद करून ई-रिक्षा द्यायला सांगितलं. ई-रिक्षांचा प्रयोग २०२२ च्या डिसेंबरमध्येच सुरू झाला होता. आत्ता कोणती रिक्षा कुठून कुठे मिळते ते हॉटेलवाल्याकडूनच कळेल, त्याला रोज त्याचा अनुभव असतो.

कर्वेनगरची_अमृता
बापरे. हॉटेलचं विचारलंच नव्हतं. आत्ता फोन केला. "पंधरा मिनिटं, थोडासा चढ" म्हणाले. सासूबाईंचे पंधरा आणि त्यांचे पंधरा सारखे नसणार.

भिवपुरीचा_भाऊ
दुप्पट धरा. आणि सामान हमालाकडे द्या, तुमच्या हातात पिशवी नको. तुमचे हात सासूबाईंसाठी मोकळे हवेत.

गुडघेदुखी_क्लब
माझे दोन्ही गुडघे बदललेत (डावा २०१९, उजवा २०२१). अनुभवाने सांगते. टॉय ट्रेनच्या डब्याची पायरी मोठ्या गाडीएवढी उंच नाही, चढायला त्रास होत नाही. त्रास बसण्यात आहे. दुसऱ्या वर्गात समोरासमोर बाक, मध्ये जागा कमी, समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. पाय लांब करता येत नाही. चाळीस मिनिटं चालतं, दोन तास चाळीस मिनिटांनी उठताना मला आधाराने उठवावं लागलं. त्यात गाडीत शौचालय नाही. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. सकाळचा दुसरा चहा नेरळला टाळा.

शक्य असेल तर प्रथम वर्ग घ्या, पण सीटा मोजक्या.

आयटीवाला_बाणेर
काचेच्या छताचा डबा पण असतो ना, विस्टाडोम? तो घ्या.

गुडघेदुखी_क्लब
असला तर. रोज प्रत्येक गाडीला असतो असं नाही. आणि डिसेंबरच्या उन्हात काचेखाली बसून आमच्या मिस्टरांचं डोकं तापलं होतं. मी पुन्हा घेणार नाही, पण नातू खूश होता.

सदाशिवपेठी_समीर
लोकोशेड काका, दातेरीचं चुकलं, कबूल. पण मग हे सांगा. चिकटण्याच्या जोरावर चढते, तर उतरताना काय? ब्रेक फेल झाला तर? २०१६ ला डबे घसरले होते ना?

लोकोशेड_लोणावळा
चांगला प्रश्न. चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे कुठल्याही घाटात खरं. पूर्वी त्या गाडीवर ब्रेकमन असत. डब्यांच्या मध्ये बसायचे, ड्रायव्हरच्या शिट्टीवर हाताने चाक फिरवून आपापल्या डब्याचा ब्रेक आवळायचे किंवा सोडायचे. शिट्टीची भाषा ठरलेली. मी तरुणपणी पाहिलंय, सगळ्यांनी एका तालात केलं तर गाडी लोण्यासारखी उतरते. एकाने उशीर केला की मागचा डबा पुढच्याला ढकलतो आणि वळणावर ते ढकलणं धोक्याचं.

मे २०१६ मध्ये आठवड्याभरात दोनदा डबे रुळावरून उतरले, दोन्ही वेळा अमन लॉजच्या आसपास. त्यानंतर गाडी बंद केली. शटल २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आणि नेरळपासूनची गाडी २०१८ च्या जानेवारीत सुरू झाली, तीही डब्यांना एअर ब्रेक आल्यावर. आता ड्रायव्हर एका दांड्याने सगळ्या डब्यांचे ब्रेक एकदम लावतो. मग २०१९ च्या पावसाने रूळ वाहून गेले, नेरळपासूनची गाडी थेट २२ ऑक्टोबर २०२२ ला परत सुरू झाली.

गाडीत बसल्यावर वळणावर कर्रर्र किंचाळल्यासारखा आवाज येईल. त्याला घाबरू नका. चाकाची कड रुळावर घासते, एवढ्या कमी त्रिज्येच्या वळणात ते व्हायचंच. सकाळी दवाने रूळ ओले असले किंवा वर पाला पडला असला की इंजिनाची चाकं क्षणभर फिरतात, आवाज चढतो आणि गाडी मंदावते. मग ड्रायव्हर चाकांपुढे वाळू सोडतो आणि पकड येते. नातवाला हे दाखवा, मजा येईल.

सदाशिवपेठी_समीर
म्हणजे पावसाळ्यात बंद का ठेवतात तेही कळलं. ओले रूळ.

लोकोशेड_लोणावळा
अर्धंच. ओल्या रुळावर वाळू टाकून चालवता येतं. खरी भीती दरडीची आणि रुळाखालची खडी-माती वाहून जायची. रूळ दिसायला जागेवर असतो, खाली पोकळ असतं. म्हणून जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज बंद. अमन लॉज ते माथेरान वर पठारावर आहे, तिथे दरडीचा प्रश्न नाही, म्हणून शटल पावसातही चालते.

कर्वेनगरची_अमृता
सासऱ्यांना सगळा धागा वाचून दाखवला. ब्रेकमनचं ऐकून म्हणाले, "हो, एक जण आमच्या डब्याबाहेरच बसला होता, मी त्याला बिडी दिली होती." ५१ वर्षांत हे आम्हाला पहिल्यांदा कळतंय. सासूबाई म्हणाल्या, "मला माहीत होतं."

आता प्रॅक्टिकल. कारने नको, ट्रेननेच जायचं म्हटलं तर पुण्याहून सकाळची कोणती गाडी आणि पुढे नेरळला कसं पोचायचं? ८:५० ची गाडी मिळेल का?

भिवपुरीचा_भाऊ
८:५० विसरा. मांडून बघा. पुण्याहून सिंहगड सहाच्या सुमारास निघते, कर्जतला आठच्या आसपास. एक्स्प्रेस नेरळला थांबत नाही, कर्जतला उतरून मुंबईकडची लोकल घ्यायची. भिवपुरी रोड आणि मग नेरळ, पंधरा-वीस मिनिटं. लोकलची वाट धरून नेरळला साडेआठ. ८:५० ची खिडकी ८:०५ लाच उघडलेली असते, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा तिकिटं संपलेली.

आता १०:२५ बघा. तिची खिडकी ९:४० ला उघडणार. तुम्ही साडेआठला पोचलात तर हातात तास-सव्वातास. नवरोबांना लगेच रांगेत उभं करा, बाकीचे बसा, खा. छोट्या गाडीचा फलाट त्याच स्टेशनच्या आवारात आहे. कर्जतला पूल चढावा लागला तर सासूबाईंना वेळ लागेल, म्हणून एक लोकल सुटली तरी पुढची चालेल असं धरूनच चाला. तेवढी जागा या गणितात आहे.

आणि १०:२५ चं तिकीट नाहीच मिळालं तर? हे आधी ठरवा. नेरळहूनच शेअर टॅक्सी घेऊन दस्तुरीला जायचं आणि शटल. सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर फलाटावर भांडण.

घाटवाट
+१. आणि दिवस सोमवार ते गुरुवारमधला घ्या, हॉटेल बदलून देत असेल तर. या सगळ्या गणिताला शनिवारी काही अर्थ नाही.

गुडघेदुखी_क्लब
माझं मत वेगळं आहे. सासूबाईंना २ तास ४० मिनिटं बसवू नका. दोन तुकड्या करा. सासरे आणि नातू छोट्या गाडीने, सोबत एक मोठं माणूस. सासूबाई आणि दुसरं मोठं माणूस टॅक्सीने दस्तुरी आणि मग शटल. सगळे वर भेटा.

पेशवेपार्क_एक्स्प्रेस
अहो पण ५१ वर्षांपूर्वीचा फोटो आहे ना दोघांचा!

गुडघेदुखी_क्लब
फोटो गुडघ्यांना दिसत नाही.

लोकोशेड_लोणावळा
दोघींचं पटतंय. मधला मार्ग सुचवतो. वर जाताना पूर्ण गाडी, येताना शटल आणि टॅक्सी. परतीची नेरळपर्यंतची गाडी दुपारी निघून संध्याकाळी खाली येते, तिथून कर्जत आणि मग पुण्याची गाडी, उशीर झाला तर ज्येष्ठांचे हाल. परतीच्या तिकिटाचंही तेच, वर गेल्या गेल्या काढून ठेवता येत नाही, त्या वेळी रांगेतच उभं राहावं लागतं. आणि वर जाताना जुम्मापट्टीला गाडी थांबली की सासूबाईंना दोन मिनिटं उभं राहायला सांगा. तिथे समोरून येणारी गाडी असली तर जास्त वेळही मिळेल.

खिडकी कोणती घ्यायची असं विचारायच्या आधीच सांगतो, कोणतीही. गाडी इतके वळसे घेते की दरी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. एखाद्या वळणावर खिडकीतून स्वतःचंच इंजिन समोर दिसतं.

तळजाईचा_तात्या
वॉटर पाईप हे स्टेशनचं नाव खरंच आहे का? मला वाटलं टायपो.

लोकोशेड_लोणावळा
खरंच आहे.

कर्वेनगरची_अमृता (डिसेंबर, परत आल्यावर)
आलो. थोडक्यात सांगते, बऱ्याच जणांनी व्यनि केले.

हॉटेलने मंगळवार-बुधवार बदलून दिलं. सिंहगडने कर्जत, लोकलने नेरळ, ८:३५ ला पोचलो. नवरा थेट रांगेत, त्याच्या पुढे आधीच अकरा जण. खिडकी बरोबर ९:४० ला उघडली. पाचही जणांना दुसऱ्या वर्गाची तिकिटं मिळाली, प्रथम वर्ग आमच्या आधीच संपला. आमच्या मागे वीसेक जण उरले होते, त्यातल्या निम्म्यांना नाही मिळाली, आणि हा मंगळवार होता.

सासूबाई पहिला तास मस्त. जुम्मापट्टीला उभ्या राहिल्या, पाय मोकळे केले. वॉटर पाईपच्या पुढे गुडघा आखडला. नवरा उठून दारापाशी उभा राहिला, त्याच्या जागेवर त्यांनी पाय ठेवला, तरी शेवटचा अर्धा तास बोलल्या नाहीत. गुडघेदुखी ताई, तुमचं बरोबर होतं. पण बोगदा आला तेव्हा सासऱ्यांनी काहीतरी पुटपुटलं आणि सासूबाईंनी त्यांना चापट मारली. लोकोशेड काका, त्या बोगद्याचं "वन किस टनेल" हे नाव मला नंतर मुलाने फलकावरून वाचून दाखवलं, सासरे का हसत होते ते तेव्हा कळलं.

चाकं फिरणं प्रत्यक्ष पाहायला मिळालं. वर एका ठिकाणी सावलीत पाला होता, इंजिनाचा आवाज एकदम चढला, गाडी जवळजवळ थांबली, मग सुटली. मुलगा ओरडला, "वाळू! वाळू!" डब्यात सगळे बघायला लागले.

पोचायला वेळापत्रकापेक्षा वीस मिनिटं जास्त लागली. स्टेशन ते हॉटेल आम्हाला १५ आणि सासूबाईंना ४० मिनिटं. हमालाला सामान दिलं हे फार बरं झालं.

येताना शटल. अमन लॉजला उतरून टॅक्सीने नेरळ, पाऊण तासात खाली. उतरताना सासूबाई म्हणाल्या की येताना पण त्याच गाडीने यायला हवं होतं. आता यावर मी काय बोलू?

गुडघेदुखी_क्लब
काही बोलू नका. गरम पाण्याची पिशवी द्या.

आयटीवाला_बाणेर
टॅक्सीचे किती घेतले?

घाटवाट
आणि तो विस्टाडोम होता का त्या दिवशी?

कर्वेनगरची_अमृता
नव्हता. टॅक्सीचं नवऱ्याला विचारून सांगते, तो अजून झोपलाय.